स्वागताच्या मेसेजात काय लिहायचं?

प्रश्न: गच्चीवरच्या बागेसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढलाय. नवीन सदस्यांना पाठवायचा स्वागताचा मेसेज कसा लिहू? नियम किती ठेवू?

उत्तर: "विषयाला धरून पोस्ट करावी" हे वाक्य तेवढं लिहू नका.

कोथरूडच्या आमच्या बागेच्या ग्रुपवर हेच वाक्य होतं. माझे सह-अ‍ॅडमिन, वयाने ज्येष्ठ, त्यांनी लिहिलेलं. वर फुलं, "बागप्रेमींचं कुटुंब", आणि खाली "सौजन्य राखावे". मग एक गृहस्थ आले आणि रोज सकाळी गांडूळखत, कोकोपीट, कुंड्यांचे दरपत्रक टाकू लागले. मी हटकलं, तर म्हणाले, "खत बागेच्या विषयात बसत नाही का?" नियम वाचला तर माणूस बरोबर होता! मिलीबगवर काय मारू असं विचारणाऱ्यांचे प्रश्न दरपत्रकांखाली गाडले जायचे, आणि जुनी जाणती मंडळी मुकाट्याने ग्रुप सोडत होती.

शेवटी मी मेसेज बदलला:

"हा ग्रुप कोथरूड परिसरातल्या गच्ची-बाल्कनीतल्या बागेच्या अडचणींसाठी आणि रोपं-बियांच्या देवाणघेवाणीसाठी आहे. रोगाबद्दल विचारताना पानाच्या दोन्ही बाजूंचा फोटो टाका. विक्रीची पोस्ट फक्त रविवारी, एकच, भावासकट. शुभेच्छा आणि फॉरवर्ड नकोत. नियम मोडला तर पोस्ट काढून वैयक्तिक कळवू. पुन्हा मोडला तर ग्रुपमधून काढू."

पानाची मागची बाजू मुद्दाम मागितली आहे. मावा, पांढरी माशी तिथेच बसते. वरून फक्त पिवळं पान दिसतं आणि दहा जण दहा औषधं सांगतात.

ज्येष्ठांचं म्हणणं, "किती कोरडं! आपलीच माणसं आहेत." आपलीच आहेत म्हणूनच रविवार लिहावा लागतो. वार लिहिला की वाद घालायला जागा उरत नाही, आणि पोस्ट काढताना माझ्या मर्जीचा प्रश्न येत नाही. ते अजूनही नाराज आहेत. असोत.

हा मजकूर ग्रुपच्या वर्णनात टाका. नुसता मेसेज वाहून जातो, आणि पिन केलात तरी जास्तीत जास्त ३० दिवस राहतो. प्रत्येक नव्या माणसामागे तो सगळ्यांना पाठवू नका, जुने लोक ग्रुप म्यूट करतात.

"कोणी काही टाकलं तर अ‍ॅडमिन आत जातो" अशी भीती घालून वीस नियम लिहिणारेही असतात. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलंय की सदस्याच्या आक्षेपार्ह पोस्टसाठी, समान हेतू नसेल तर, अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही. अर्थात तुम्हीच त्याला चिथावलंत तर गोष्ट वेगळी.

आणि हो, हे हौसेच्या ग्रुपपुरतं. सोसायटीच्या ग्रुपवर "काढून टाकू" लिहू नका. पाणी कधी बंद आहे हे भांडखोर सभासदालाही कळायला हवं. तिथे सूचनांचा वेगळा ग्रुप काढा, ज्यात फक्त अ‍ॅडमिन लिहू शकतात.