कुलदैवत खंडोबा, इष्टदैवत दत्त: चालेल का?

प्रश्न: आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, पण माझं मन औदुंबरच्या दत्तात रमतं. दत्ताला इष्टदैवत मानलं तर चालेल का?

हो, खुशाल माना. फक्त खंडोबाचा कुलाचार सोडू नका. कुलदैवत घराण्याकडून येतं. लग्नानंतरचं जागरण, तळी, देवघरातला टाक हे सगळ्या घराचं देणं आहे. इष्टदैवत ज्याचं त्याचं; रोजचं नामस्मरण कुणाचं करायचं ते मन ठरवतं. आमच्या सातारा-सांगली भागात कितीतरी घरांत रविवार खंडोबाचा आणि गुरुवार दत्ताचा असतो. खरी ओढाताण मार्गशीर्षात होईल असं वाटतं, पण तिथीच सांभाळून घेते. चंपाषष्ठीला तळी उचलायची, वांग्याचं भरीत आणि रोडग्याचा नैवेद्य दाखवायचा. दत्तजयंती त्याच महिन्याच्या पौर्णिमेला. गुरुचरित्राचा सप्ताह साधारण अष्टमी-नवमीला बसतो, म्हणजे कांदा-लसूण वर्ज्य होण्याआधीच खंडोबाचा नैवेद्य झालेला असतो. एक मात्र पाहा: एकत्र कुटुंबात तळी थोरल्यांच्या हातची असते, तेव्हा त्या दिवशी पारायणाचं कारण काढून बाजूला बसू नका. ताम्हनाला हात लावायला तुम्ही हवेतच.