लक्षण कुणाचं? श्रेढीचं की संबंधाचं?

प्रश्न : 'कॅरॅक्टरिस्टिक इक्वेशन'ला मराठीत 'वैशिष्ट्यपूर्ण समीकरण' म्हणावं की 'लाक्षणिक समीकरण'? आणि ते नेमकं कशाचं वैशिष्ट्य सांगतं?

'वैशिष्ट्यपूर्ण' नकोच. इतरांहून वेगळं, उठून दिसणारं ते वैशिष्ट्यपूर्ण, आणि इथे तसं काही नाही. 'लाक्षणिक' अर्थाने जवळचा आहे, पण लाक्षणिक उपोषण म्हणजे नावापुरतं उपोषण, आणि लाक्षणिक अर्थ म्हणजे शब्दशः न घ्यायचा अर्थ. मी सरळ 'लक्षण-समीकरण' लिहितो. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, तसं इथे पुढचं सगळं वळण दोन सहगुणकांत दिसतं.

हा आवर्ती संबंध घ्या :

aₙ = aₙ₋₁ + 6aₙ₋₂

एखाद्या संख्येचे घात, म्हणजे rⁿ, या संबंधात बसतात का ते पाहायचं. rⁿ = rⁿ⁻¹ + 6rⁿ⁻² ला rⁿ⁻² ने भागलं की उरतं r² − r − 6 = 0. हेच लक्षण-समीकरण. मुळं 3 आणि −2, म्हणून सामान्य उत्तर

aₙ = A·3ⁿ + B·(−2)ⁿ

इथवर श्रेढीचं एकही पद वापरलेलं नाही. म्हणजे लक्षण आहे ते संबंधाचं, श्रेढीचं नव्हे. श्रेढी ठरते आरंभीच्या पदांनी. समजा a₀ = 1, a₁ = 8. मग A + B = 1 आणि 3A − 2B = 8, त्यावरून A = 2, B = −1, आणि

aₙ = 2·3ⁿ − (−2)ⁿ

त्याच संबंधात a₁ = 8 ऐवजी −2 घेतलं तर A शून्य होतो आणि 3 चा मागमूसही राहत नाही. लक्षण असतं, पण प्रकट होत नाही.

ताळा घेताना बरेच जण a₀ आणि a₁ तपासून थांबतात. त्याने काहीच कळत नाही, कारण A आणि B त्याच दोन पदांवर बेतलेले असतात. मुळं चुकली तरी ती दोन पदं जुळतातच. चिन्हाच्या गडबडीत r² + r − 6 = 0 लिहिलं, तर मुळं 2 आणि −3 येतात, A = 11/5, B = −6/5, आणि a₀, a₁ बिनचूक! पण a₂ येतं −2, आणि संबंधातून ते यायला हवं 8 + 6 = 14. म्हणून ताळा a₂ पासून पुढे घ्यायचा. आपल्या खऱ्या सूत्रात 18 − 4 = 14, आणि a₃ दोन्हीकडून 62.

दोन्ही मुळं सारखी आली तर A आणि B एकाच rⁿ ला चिकटतात आणि दोन पदांना पुरे पडत नाहीत. तेव्हा (A + Bn)rⁿ घ्यावं लागतं. 'आवर्ती' हा शब्द मात्र निर्धास्त वापरा, आवर्ती दशांशामुळे तो ओळखीचा आहेच.