मऊ निघालेले नमुनेच पत्रात लिही

मॅडम, मी मेटलर्जीच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्टील प्लांटमध्ये ट्रेनी इंजिनिअरसाठी अर्ज करतोय, पण कव्हर लेटर ‘मी मेहनती आहे, शिकायची आवड आहे’च्या पुढे जात नाही. प्रोजेक्ट ०.४५ टक्के कार्बनच्या स्टीलवर होता. ८५० अंशांवर तापवून पाण्यात क्वेंच केलं. तीन नमुने चुकून अर्ध्या तासाऐवजी तीन तास भट्टीत राहिले आणि ५५ ऐवजी ४२ एचआरसी हार्डनेस आली. पृष्ठभागावरचा कार्बन जळाला होता. हे लिहू की लपवू?

लिही. तुझ्या पत्रात तेवढंच वाचण्यासारखं आहे!

मात्र ‘कार्बन जळाला होता’ हे तुला कसं कळलं, ते तू मलाही सांगितलेलं नाहीस, आणि वाचणारा नेमकं तेच शोधणार. हार्डनेस कमी येण्याची कारणं अनेक असतात. नमुना पाण्यात टाकायला उशीर झाला तरी ती घसरते, तापमान कमी पडलं तरी घसरते. पृष्ठभाग अर्धा मिलिमीटर घासून पुन्हा मोजलीस का? आत ५५च्या आसपास भरली, तर दोष वरच्या थराचा. आतही ४२च राहिली, तर क्वेंचिंगकडे किंवा तापमानाकडे बघायचं. नायटलने एच करून मायक्रोस्कोपखाली पाहिलं असशील, तर कडेला फेराइटचा पांढरा पट्टा दिसला असेल. यातलं काही केलं नसेल, तर नमुने अजून लॅबमध्ये असतील. अर्ज पाठवण्याआधी करून घे. न केलेली चाचणी मात्र पत्रात घालू नकोस, मुलाखतीत पहिला प्रश्न तिच्यावरच येईल.

आता हे प्लांटशी जोड. रोलिंग मिलच्या रीहीटिंग फर्नेसमध्ये बिलेट साधारण १२०० अंशांपर्यंत तापतं. मिल अडकली की ते आतच पडून राहतं आणि तुझ्या नमुन्यांचं झालं तेच त्याचंही होतं. पण आधी कंपनी काय बनवते ते बघ. स्प्रिंग किंवा बेअरिंगचं स्टील असेल, तर हा दोष त्यांच्या रोजच्या डोकेदुखीचा. नुसत्या बांधकामाच्या सळया असतील, तर तिथे त्याचं फारसं अडत नाही. मग हा परिच्छेद दोन ओळींत आटप.

चाचणी जमली, की परिच्छेद असा काहीसा होईल:

“प्रोजेक्टमध्ये माझ्या चुकीने तीन नमुने भट्टीत अडीच तास जास्त राहिले आणि हार्डनेस ४२ एचआरसी आली. अर्धा मिलिमीटर घासल्यावर ती ५४ झाली, त्यावरून डीकार्ब्युरायझेशन निश्चित केलं. रीहीटिंग फर्नेसमध्ये हाच दोष कसा आवरतात, ते मला तुमच्या रोलिंग मिलमध्ये शिकायचं आहे.”

५४च्या जागी तुझा खरा आकडा घाल. ‘माझ्या चुकीने’ खोडायचा मोह होईल, खोडू नकोस. शिफ्ट-लॉगमध्ये स्वतःची चूक लिहिणारा माणूस शिफ्ट इनचार्जला हवा असतो.

‘मेहनती’ काढून टाक. त्या जागी तिन्ही शिफ्टमध्ये काम करायची तयारी आहे, असं लिही. अर्थात, खरंच असेल तर.