दाखवायचे २८ लाख, भरायचे २८ लाख

*मी ५३ वर्षांचा, हातात पगार ८५,०००, सात वर्षांनी निवृत्त होईन. मुलगी २३ वर्षांची, ३५,००० ची नोकरी करते. तिला ब्रिटनमध्ये, लंडनबाहेर, एक वर्षाच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय. फी १७,००० पाउंड, त्यातले ४,००० भरलेत. व्हिसासाठी २८ लाख दाखवावे लागतील. आमच्याकडे ९ लाखांच्या एफडी आहेत. एजंट ४०,००० घेऊन 'फंड दाखवून' देतो म्हणतो: एकतर तिच्या खात्यात २८ दिवस १९ लाख ठेवेल, नाहीतर स्टेटमेंट 'सेट' करून देईल. सगळेच करतात म्हणे. यातलं सुरक्षित कोणतं? उरलेली फी ती तिथे पार्टटाइम करून भरेल. शिवाय मुलांच्या शिक्षणाची पॉलिसी आहे, वर्षाला १.२ लाख, दहा हप्ते झालेत, २०२९ ला मिळेल. घरकर्ज फिटलंय.*

दोन्ही नको. आणि यातलं कमी धोक्याचं कोणतं हेही मी सांगणार नाही, कारण पकडलं गेलं तर किंमत तुम्ही किंवा एजंट नाही, मुलगी मोजणार आहे. ब्रिटनच्या नियमांत अर्जात फसवणूक आढळली तर व्हिसा नाकारावाच लागतो, आणि त्यानंतरचे अर्जही साधारणपणे १० वर्षं नाकारले जातात. म्हणजे ती ३३ ची होईपर्यंत. खोटा कागद एजंटने परस्पर जोडला, तिला पत्ताच नव्हता, तरीही अर्ज नाकारता येतो. पुढे दुसऱ्या बहुतेक देशांच्या फॉर्मवर 'याआधी व्हिसा नाकारला गेला आहे का' हा प्रश्न येतोच, आणि तिथे तिला दर वेळी 'हो' लिहावं लागेल.

'सेट' केलेलं स्टेटमेंट कसं ओळखू येतं ते सांगतो. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडे असंच तयार केलेलं पीडीएफ घेऊन आले होते. अक्षरं, लोगो, सगळं झकास. तीन महिने शिल्लक २१ लाखांच्या आसपास. मी फक्त जूनअखेरची व्याजाची ओळ पाहिली: १६३ रुपये. बचत खात्याचं व्याज रोजच्या शिल्लकीवर मोजतात आणि तिमाहीला जमा करतात. अडीच टक्के धरले तरी २१ लाखांवर तिमाहीचे १३,००० व्हायला हवेत. कारागिराने शिल्लक बदलली, व्याज बदलायचं विसरला. बदललं असतं तरी ते व्याज आयकराच्या नोंदींत सापडलं नसतं. आणि मुळात या हुशारीला अर्थ नाही, कारण अधिकारी कागदाकडे टक लावून बसत नाहीत. शंका आली की थेट बँकेला विचारतात. बँकेच्या संगणकात त्या दिवशी १८,००० असतील तर बँक १८,०००च सांगणार.

आता दुसरा प्रकार, ज्यात पैसे खरे असतात. लोकांना वाटतं, खरी नोट खात्यात आहे, मग खोटं काय? खोटं हे की पैसे तिचे नाहीत आणि फीसाठीही नाहीत. एजंट सही केलेले कोरे चेक आणि नेटबँकिंगचा पासवर्ड आधी ताब्यात घेतो, ते उगाच नाही. ३५,००० पगाराच्या खात्यात एका दिवशी १९ लाख येतात, महिन्याने तसेच निघून जातात. मुलाखतीत 'हे कुठून आले' असं विचारलं की मुलीला तोंडाने खोटं बोलावं लागणार. उद्या आयकर खात्याने हाच प्रश्न विचारला तर उत्तर द्यायला एजंट नसेल. आणि तिच्या खात्यातून कुणाचे पैसे फिरले हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

इथवर तुमच्या प्रश्नाचं उत्तर झालं. पण पत्र वाचताना मी थांबलो ते वेगळ्याच वाक्यापाशी: 'उरलेली फी ती पार्टटाइम करून भरेल.'

विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता येतं. तासाला १२ पाउंडांच्या थोडं वर धरा, एकही आठवडा न चुकता काम मिळालं असं धरा, तरी महिन्याला हजार-अकराशे पाउंड. ब्रिटनचं सरकार लंडनबाहेर राहण्याखाण्याचा खर्चच महिन्याला ११७१ पाउंड धरतं. म्हणजे सगळं मनासारखं झालं तर ती जेमतेम पोट भरेल. उरलेले १३,००० पाउंड, म्हणजे साडेपंधरा लाखांची फी, कुठून येणार? पुढचा हप्ता थकला की विद्यापीठ तिला काढू शकतं, आणि तसं सरकारला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मग तो व्हिसाही जातो.

म्हणूनच ते २८ लाख एखाद्या अधिकाऱ्याची लहर म्हणून मागत नाहीत. पाउंड १२० रुपये धरून हिशेब बघा: राहिलेली फी साडेपंधरा लाख आणि नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च साडेबारा लाख. दाखवायचे तेच भरायचे आहेत. वर व्हिसा शुल्क आणि आरोग्य अधिभार मिळून दोन लाख, तिकीट आणि घराची अनामत यांचे दीड-दोन लाख. एकूण ३२ लाख. एजंटने २८ दाखवून दिले तरी तुमच्याकडे ९च असतील. फरक इतकाच की ते विमान सुटल्यावर लक्षात येईल.

आणि ती पॉलिसी. नाव शिक्षणाचं, आणि पैसे मिळणार मुलगी २६ ची झाल्यावर! विकणाऱ्याने तिचं वय विचारलं होतं की नाही देव जाणे. दहा वर्षांत १२ लाख भरलेत. अशा पारंपरिक पॉलिसींचा परतावा बहुधा पाच टक्क्यांच्या आसपास असतो, आणि आत्ता मोडली तर भरलेलेही पूर्ण मिळतील असं नाही. विमा कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आजचं सरेंडर मूल्य किती आणि त्यावर कर्ज किती. तीनच वर्षं उरलीत, तेव्हा बहुधा मोडण्यापेक्षा कर्ज काढणं बरं पडेल. सरेंडर मूल्य नऊ लाख निघालं तर कर्ज सात-साडेसात लाख मिळायला हरकत नाही.

सरळ मार्गात मुख्य आधार शैक्षणिक कर्जाचा. मान्यताप्राप्त बँकेचं, मुलीच्या नावाचं मंजुरीपत्र ब्रिटनला चालतं, आणि त्या रकमेला २८ दिवसांची अट लागत नाही. पत्र अर्जाच्या तारखेआधी सहा महिन्यांच्या आतलं हवं आणि 'व्हिसा मिळाल्यास' याशिवाय दुसरी अट त्यात नको. 'कागदपत्रांच्या पूर्ततेनंतर अंतिम मंजुरी' असं मोघम वाक्य असेल तर बँकेकडून पत्र बदलून घ्या. चांगली प्रकरणं अशा वाक्यावर अडकतात.

बाकीची रक्कम तुमच्या किंवा तिच्या आईच्या खात्यातली चालते. जन्मदाखला आणि संमतीपत्र जोडायचं. काकांचं खातं चालत नाही. काका खरंच देणार असतील तर बक्षीसपत्र करून तुमच्या खात्यात टाकू द्या, आणि परत मागणार नाहीत याची खात्री असेल तरच. हे पैसे सलग २८ दिवस हवेत, एक दिवसही शिल्लक खाली जाता कामा नये, आणि २८ वा दिवस अर्जाच्या आधीच्या ३१ दिवसांतला हवा. पाउंडाचा दर अर्जाच्या तारखेचा धरतात, म्हणून काठोकाठ न ठेवता पाच टक्के वर ठेवा. एफडी चालते, पण लगेच मोडता येणारी. तुमच्या नऊ लाखांत पाच वर्षांची कर वाचवणारी एफडी असेल तर ती वजा करा. पीएफ आणि शेअर मोजतच नाहीत. आणखी एक सोपा उपाय बहुतेकांना सुचत नाही: फीचा आणखी हप्ता आधीच भरला आणि विद्यापीठाने तो प्रवेशाच्या 'कॅस' पत्रात नोंदवला, तर तेवढी रक्कम दाखवायचीच राहत नाही.

म्हणजे २० लाख कर्ज, नऊ लाख एफडी, पाच टक्क्यांच्या भरीला आणि वरच्या खर्चाला पॉलिसीवरचं चार-पाच लाखांचं कर्ज. व्हिसापुरतं जमतं. पण २० लाखांचं कर्ज, साडेदहा टक्के, हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज चढून तेवीस लाखांवर जाईल, आणि दहा वर्षांसाठी हप्ता ३१,००० च्या घरात. तो सुरू होईल तेव्हा तुम्ही ५५ चे असाल, संपेल तेव्हा ६५ चे. निवृत्ती साठीला. तिला तिथेच नोकरी लागेल यावर मी हा हप्ता उभा करणार नाही: शिक्षणानंतर काम शोधायला मिळणारा व्हिसा १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दोन वर्षांऐवजी १८ महिन्यांचाच आहे.

म्हणून मला एक आकडा हवा आहे जो तुम्ही लिहिलेला नाही: घरखर्च. तो ४०,००० असेल तर हप्ता आणि पॉलिसीचा प्रीमियम कसाबसा निघतो, आणि ती गेली तरी तुम्ही दोघं तगाल. ६०,००० असेल तर यंदा पाठवू नका. विद्यापीठाला प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का आणि भरलेले ४,००० पाउंड तसेच राहतात का, हे ईमेलवर विचारा. एका वर्षात तिच्या पगारातून अडीच लाख, तुमच्याकडून प्रीमियम भरून पावणेदोन, शिवाय शिष्यवृत्तीच्या अर्जांना वेळ. कर्ज १५ लाखांवर आलं की हप्ता २३-२४ हजारांवर येतो, आणि तो गरज पडली तर तिच्या इथल्या नोकरीतूनही फिटू शकतो.

एजंटकडे अर्जाचं लॉगिन असेल तर आजच पासवर्ड बदलून घ्या, आणि त्याने काही अपलोड केलंय का ते मुलीला स्वतः उघडून पाहू द्या.