दुसरा चिलर नेमका कधी लावावा?

प्रश्न: आमच्याकडे 500 टीआरचे तीन व्हीएफडी सेंट्रिफ्यूगल चिलर आहेत आणि प्रत्येकाचा प्रायमरी पंप व कंडेन्सर पंप वेगळा आहे. कॅटलॉगमध्ये निम्म्या लोडला कार्यक्षमता सर्वात चांगली दिसते, म्हणून 450 टीआर लोडला आम्ही दोन चिलर निम्म्यावर चालवतो. कंडेन्सर पाण्याचा सेटपॉइंटही 29 अंशांवरून 24 वर आणला. तरी प्लांटचे एकूण युनिट कमी न होता थोडे वाढलेच. कुठे चुकते आहे?

उत्तर:

कॅटलॉगमधला आकडा खोटा नाही, पण तो कोणत्या अटींवर काढला आहे ते पाहावे लागते. आयपीएलव्ही, म्हणजे वेगवेगळ्या लोडांवरच्या कार्यक्षमतेची भारित सरासरी, काढताना 75 टक्के लोडला कंडेन्सरमध्ये येणारे पाणी 23.9 अंश सेल्सिअस आणि 50 टक्के लोडला 18.3 अंश धरलेले असते, आणि या दोन बिंदूंना मिळून 87 टक्के वजन दिलेले असते. म्हणजे निम्म्या लोडला दिसणारा फायदा मुख्यतः थंड पाण्यामुळे आहे, केवळ लोड कमी झाल्यामुळे नाही. कंप्रेसरला वायू बाष्पकाच्या दाबापासून कंडेन्सरच्या दाबापर्यंत उचलावा लागतो, आणि ही उचल, म्हणजे लिफ्ट, जास्त असेल तर लोड निम्मा झाला तरी व्हीएफडीला वेग फारसा उतरवता येत नाही. वेग आणखी उतरवला तर यंत्र सर्जमध्ये जाईल, म्हणजे वायू कंप्रेसरमधून उलटा फिरू लागेल, म्हणून कंट्रोलर वेग तसाच ठेवून गाइड व्हेन बंद करत जातो, आणि व्हेन बंद करून मिळवलेला कमी लोड महागच पडतो.

मी सांभाळलेल्या, तुमच्यासारख्याच एका प्लांटमधल्या नोंदी सांगतो. तुमच्या यंत्रांचे आकडे वेगळे येतील, पण हिशोबाची रीत हीच राहील. तिथे एका चिलरमागे कंडेन्सर पंप 28 किलोवॅट आणि प्रायमरी पंप 12 किलोवॅट, असे मिळून 40 किलोवॅट लागत. लोड 450 टीआर आणि कंडेन्सरचे पाणी 29 अंश असताना एकच चिलर 0.56 किलोवॅट प्रति टीआरने चाले, म्हणजे कंप्रेसरला 252 आणि पंपांसह 292 किलोवॅट. तोच लोड दोन चिलरांवर वाटला की आकडा 0.53 वर येई. कंप्रेसर मिळून 238 किलोवॅट घेत, पण पंप 80 घेत आणि एकूण 318 होत. चिलरच्या पडद्यावर सुधारणा दिसत होती आणि मीटरवर 26 किलोवॅटचा तोटा होत होता. तुमच्याकडे बहुधा हेच घडते आहे.

पाणी 21 अंशांवर आले की चित्र बदलते. एका चिलरला 0.46 म्हणजे 207 आणि पंपांसह 247 किलोवॅट लागत, तर दोन चिलरांना 0.36 म्हणजे 162 आणि पंपांसह 242. हा 5 किलोवॅटचा फरक मोजमापाच्या चुकीत सहज बुडून जाईल इतका लहान आहे. याचा अर्थ असा की स्थिर वेगाचे स्वतंत्र पंप असतील तर 450 टीआरला दुसरा चिलर लावण्यासारखी परिस्थिती फार थंड पाण्यातच येते. कंडेन्सर पंपांनाही व्हीएफडी असती आणि प्रवाह चिलरच्या किमान मर्यादेपर्यंत उतरवता आला असता, तर ही सीमा बरीच अलीकडे आली असती.

आता सेटपॉइंटकडे वळतो. कूलिंग टॉवर पाणी वेट बल्ब तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, त्यामुळे वेट बल्ब 22 असताना 24 चा स्थिर सेटपॉइंट दिला की पंखे पूर्ण वेगावर अडकून बसतात आणि तरीही तो गाठला जात नाही. त्याच प्लांटमध्ये वेट बल्ब 22 आणि एक चिलर 450 टीआरवर असताना आम्ही प्रत्येकी 15 किलोवॅटचे दोन पंखे वेगवेगळ्या वेगांवर स्थिर ठेवून पाहिले. पूर्ण वेगाला पाणी 25.2 अंश, कंप्रेसर 230.5 आणि पंखे 30, मिळून 260.5 किलोवॅट झाले. 80 टक्के वेगाला पाणी 26.0 अंश झाले आणि बेरीज 250.4 वर आली, कारण पंख्याची वीज वेगाच्या घनाने उतरते आणि पंखे 15.4 वर आले होते. 60 टक्के वेगाला पाणी 27.4 अंश झाले, पंखे 6.5 किलोवॅटवर आले आणि बेरीज 249.5 राहिली. 60 ते 80 टक्क्यांमध्ये वक्र जवळजवळ सपाट आहे आणि शेवटच्या 20 टक्क्यांत मात्र दहा किलोवॅट वाया जातात. म्हणून सेटपॉइंट वेट बल्ब अधिक अंतर असा चालता ठेवा. आमच्या नोंदींनुसार या लोडला ते अंतर 4 ते 5 अंश निघाले. लोड उतरला की टॉवरला तेवढ्याच पंख्यात पाणी वेट बल्बच्या जास्त जवळ नेता येते, म्हणून अंतरही लोडबरोबर उतरवायला हवे.

दुसरा चिलर कशावरून सुरू होतो तेही तपासा. पुष्कळ ठिकाणी मोटरचा करंट 90 टक्क्यांवर गेला की तो सुरू होतो, पण करंट म्हणजे लोड नव्हे. थंड पाण्यात पूर्ण 500 टीआर देतानाही करंट बराच कमी राहतो आणि गरम पाण्यात त्याच करंटला टीआर कमी मिळतात. लोड प्रवाह आणि तापमानाच्या फरकावरून काढा: घनमीटर प्रति तास गुणिले अंश सेल्सिअस, भागिले 3.024, म्हणजे टीआर. याच हिशोबात दुसरे एक दुखणे सापडते. 450 टीआरला फरक 5.5 अंश असेल तर 247 घनमीटर प्रति तास पुरतात, पण तो 3.5 अंशांवर घसरला तर 389 लागतात. एका प्रायमरी पंपाला ते झेपत नाहीत, बायपासमधून परतीचे पाणी पुरवठ्यात मिसळते, पुरवठ्याचे तापमान चढते आणि ऑपरेटर नाइलाजाने दुसरा चिलर लावतो. हे दिसले तर स्टेजिंगला हात लावण्याआधी एएचयूचे व्हॉल्व्ह आणि कॉइल तपासा.

आणि या सगळ्याआधी सेन्सरची खात्री करा. फरक 5.5 अंश असताना 0.3 अंशाची चूक म्हणजे लोडमध्ये साडेपाच टक्क्यांची चूक. उष्णतेचा ताळा यासाठी उत्तम आहे. 450 टीआर म्हणजे 1583 किलोवॅट, त्यात कंप्रेसरचे 235 मिळवले की 1818 किलोवॅट कंडेन्सरमधून बाहेर जायला हवेत, आणि 340 घनमीटर प्रति तास प्रवाहाला तापमानाचा फरक 4.6 अंश यायला हवा. आमच्याकडे तो 4.0 दिसत होता. टॉवरकडे जाणाऱ्या पाइपवरचा सेन्सर थर्मोवेलमध्ये कोरडाच बसवलेला होता. त्यात उष्णतावाहक पेस्ट भरून सेन्सर तळाला टेकवला, तेव्हा ताळा जुळला. दोन बाजूंत पाच टक्क्यांहून जास्त तफावत असेपर्यंत वरच्यासारखी तुलना करण्यात अर्थ नाही.

पाणी किती थंड करायचे यालाही खालची हद्द आहे. कंडेन्सर आणि बाष्पकातला दाबाचा फरक फार कमी झाला की तेल परत येणे आणि मोटरला थंड करणारे रेफ्रिजरंट पोहोचणे बिघडते. निर्मात्याने दिलेले किमान तापमान किंवा किमान दाबफरक बीएमएसमध्ये हद्द म्हणून घाला. थंडीच्या सकाळी सुरुवात करताना पाणी त्याखाली असेल तर टॉवर बायपास उघडा ठेवून चिलर सुरू करा. दुसरा चिलर लावण्याचा आणि काढण्याचा बिंदू वेगळा ठेवा, आणि लावल्यावर किमान अर्धा तास तो बंद होऊ देऊ नका, नाहीतर लोड सीमेवर रेंगाळला की यंत्र दिवसभर सुरू-बंद होत राहील.