पाया तोच, मग अर्धवर्तुळांचं घनफळ चौपट कसं आलं?

प्रश्न: मुलगी न्यू जर्सीत एपी कॅल्क्युलस करतेय. गणित असं आहे: पाया म्हणजे y = x² आणि y = 4 यांच्यामधला भाग, x-अक्षाला लंब छेद अर्धवर्तुळं, घनफळ काढा. मला 256π/15 येतंय, पुस्तकात 64π/15 आहे. शिवाय यात फिरवायचं काय, तेच कळत नाही.

उत्तर:

फिरवायचं काहीच नाही. आणि चूक एकाच जागी आहे: त्रिज्येच्या जागी तुम्ही पट्टीची अख्खी लांबी घातलीत. त्रिज्या दुप्पट धरली की क्षेत्रफळ चौपट होतं, आणि तुमचं उत्तर नेमकं चौपट आलंय. बाकी सगळं बरोबर असणार.

आता कागद टेबलावर सपाट ठेवा आणि त्यावर पॅराबोला काढून वर y = 4 ची आडवी रेघ मारा. वाटी मधोमध चिरल्यासारखा आकार दिसेल. हा झाला पाया, आणि तो टेबलावरच राहतो. घन आकार त्याच्यावर उभा राहतो, तुमच्या दिशेने वर. कुठल्याही x पाशी उभी रेघ ओढली की पॅराबोलापासून वरच्या रेघेपर्यंत एक पट्टी मिळते. तिची लांबी 4 − x². x = 0 पाशी ती ४, x = 1 पाशी ३, आणि दोन्ही टोकांना शून्य. या पट्टीवर पुठ्ठ्याचा एक तुकडा ताठ उभा करायचा. असे पातळ तुकडे एकमेकांना चिकटवून x = −2 पासून x = 2 पर्यंत उभे केले, की झाला आपला ठोकळा. पावाच्या स्लाइस जशा लादीत उभ्या असतात तसंच, फक्त इथे प्रत्येक स्लाइस वेगळ्या मापाची.

तुकडा चौरस असेल तर पट्टी म्हणजे त्याची बाजू. s = 4 − x² धरा, क्षेत्रफळ s². घनफळ:

∫ (4 − x²)² dx, −2 ते 2
= ∫ (16 − 8x² + x⁴) dx
= 2 (32 − 64/3 + 32/5)
= 512/15

म्हणजे सुमारे ३४.१३.

तुकडा अर्धवर्तुळ असेल तर त्याची सपाट कड पट्टीवर टेकते. सपाट कड म्हणजे व्यास. म्हणून त्रिज्या s/2, आणि क्षेत्रफळ ½ · π · (s/2)² = πs²/8. हा π/8 प्रत्येक तुकड्याला सारखाच लागतो, त्यामुळे इंटिग्रल पुन्हा करायची गरजच नाही. चौरसांच्या उत्तराला π/8 ने गुणा: π/8 × 512/15 = 64π/15, सुमारे १३.४. तुम्ही πs²/2 घेतलंत.

अशी चूक पकडायला मी मुलांना एक सोपी तपासणी सांगतो. s बाजूच्या चौरसाच्या खालच्या अर्ध्या भागातच ते अर्धवर्तुळ मावतं, कारण त्याची उंची फक्त s/2 आहे. म्हणजे अर्धवर्तुळांचं घनफळ चौरसांच्या निम्म्यापेक्षा कमी यायलाच हवं. π/8 म्हणजे ०.३९, जुळतं. तुमचं 256π/15 म्हणजे सुमारे ५३.६, चौरसांच्या ३४ पेक्षाही जास्त. आत बसणारी वस्तू बाहेरच्या वस्तूपेक्षा मोठी कशी असेल?

π/8 वर विश्वास बसत नसेल तर पाया r त्रिज्येचं वर्तुळ घ्या. आता पट्टी 2√(r² − x²), चौरस 4(r² − x²), आणि −r ते r इंटिग्रल केलं की 16r³/3. त्याला π/8 ने गुणलं की 2πr³/3 मिळतं, म्हणजे बरोबर अर्धा गोल. तसंच व्हायला हवं ना? वर्तुळाकार पायावर प्रत्येक पट्टीला अर्धवर्तुळ उभं केलं तर घुमटच तयार होतो. मला स्वतःला हे सूत्र पाठ झालं ते या घुमटामुळे. वहीत कितीदा लिहूनही ते डोक्यात राहत नव्हतं.

फिरवण्याबद्दल. π दिसला की फिरवायचंच, अशी सवय लागते, आणि तिच्यातून आणखी एक घोळ होतो. फिरवताना मध्ये भोक असेल तर बाहेरच्या त्रिज्येच्या वर्गातून आतल्या त्रिज्येचा वर्ग वजा करतात. तेच इथे केलं तर चौरसांसाठी 16 − x⁴ लिहिलं जातं आणि उत्तर ५१.२ येतं. हे उत्तर दिसायला ठीक वाटतं, म्हणून पटकन सापडत नाही. सापडतं ते एकच तुकडा पाहिल्यावर: x = 1 पाशी पट्टी ३ लांब, तर चौरस ९ हवा, आणि हे सूत्र १५ देतं. आधी वजाबाकी, मग वर्ग. उत्तराचा अंदाज हवा असेल तर १ जाडीचे चार तुकडे पुरतात. x = ±0.5 पाशी पट्टी ३.७५, x = ±1.5 पाशी १.७५. चौघांच्या वर्गांची बेरीज ३४.२५. खऱ्या ३४.१३ च्या अगदी जवळ.

पुढचं गणित बहुतेक "y-अक्षाला लंब" असं असेल, म्हणून तेही पाहू. आता पट्ट्या आडव्या, −√y पासून √y पर्यंत, लांबी 2√y. चौरसाचं क्षेत्रफळ 4y, आणि ० ते ४ इंटिग्रल केलं की ३२. अर्धवर्तुळं घेतली तर 4π. कागद तोच, पायाचं क्षेत्रफळ तेच 32/3, पण घनफळ ३४.१३ ऐवजी ३२. गंमत म्हणजे दोन्हीकडे पायाचा पसारा ४, सर्वांत लांब पट्टी ४, आणि पट्टीची सरासरी लांबीही तीच, 8/3. फरक पडतो तो पट्ट्या किती असमान आहेत यामुळे. लांबीचा वर्ग होतो ना, मग सरासरी तीच असूनही जिथे चढउतार जास्त तिथे वर्गांची बेरीज वाढते. उभ्या पट्ट्यांत तो चढउतार जरा जास्त आहे, म्हणून तिथलं घनफळ मोठं.

म्हणून "x-अक्षाला लंब" वाचलं की मुलीला आधी कागदावर एक पट्टी काढून तिची लांबी लिहायला सांगा. x-अक्षाला लंब म्हणजे पट्टी उभी आणि शेवटी dx; y-अक्षाला लंब म्हणजे पट्टी आडवी आणि dy. नेमकं उलटं करणारी मुलं मी बरीच पाहिलीत, आणि 2√y लिहून पुढे dx लावणारीही.