‘क्षमस्व’ लिहावं की ‘दिलगीर’?

“माझं कपडे धुण्याचं दुकान आहे. एका बाईंच्या इरकलीच्या लाल काठाचा रंग साडीच्या अंगावर उतरला. मी उत्तर लिहिलं : ‘आमच्या चुकीमुळे आपल्या साडीचे नुकसान झाले, क्षमस्व.’ वकील मित्र म्हणाला, हा कबुलीजबाब झाला. मग ‘गैरसोय झाली असल्यास दिलगीर आहोत’ असं केलं, तर बायकोच म्हणाली, हे फार कोरडं आहे. नेमका शब्द कोणता?”

दोघांचंही बरोबर आहे. ‘क्षमस्व’ हे संस्कृत आज्ञार्थी रूप, अर्थ ‘क्षमा कर’. क्षमा मागायची तर आधी अपराध गृहीत धरावा लागतो. ‘दिलगीर’ फारसीतून आलेला, अर्थ खिन्न, दुःखी. दुःख व्हायला आपला दोष असावा लागत नाही. तेव्हा तुमच्यासाठी ‘दिलगीर’च.

पण खरी मेख ‘मुळे’ या शब्दयोगी अव्ययात आहे. ते कारण ठरवून टाकतं. रंग मुळात कच्चा होता की तुमच्याकडे पाणी गरम होतं, हे अजून कुठे कळलंय? मराठीची इथे सोय आहे : फाडली आणि फाटली, उतरवला आणि उतरला. अकर्मक क्रियापद घडलेलं सांगतं, कुणी केलं ते सांगत नाही. ‘त्रुटी’ हा शब्दही टाळा. ग्राहक आयोगाच्या निकालांत ‘सेवेतील त्रुटी’ हा ठराविक शब्दप्रयोग आहे.

कोरडेपणा आणला तो ‘असल्यास’ने. बाई डाग दाखवताहेत आणि तुम्ही ‘झाली असेल तर’ म्हणता! ‘झाल्याबद्दल’ म्हटल्याने डाग पडल्याचं मान्य होतं, दोष नाही. ‘गैरसोय’ तर बस उशिरा आली की होते.

मी असं लिहीन :

“आपल्या इरकलीच्या काठाचा लाल रंग अंगावर उतरल्याचे आम्ही स्वतः पाहिले. जपून ठेवलेली साडी अशी हातात आल्यावर आपल्याला किती वाईट वाटले असेल! आपल्याला झालेल्या मनस्तापाबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. रंग कशाने उतरला हे तपासून शनिवारपर्यंत कळवतो. धुलाईचे ३५० रुपये सदिच्छा म्हणून परत करत आहोत.”

‘सदिच्छा म्हणून’ खोडू नका. तिथे ‘भरपाई’ लिहिलंत की देणं लागत होतात असा अर्थ निघतो. उलट ‘आमचे सर्व हक्क अबाधित ठेवून’ हे शेपूट या पत्राला लावू नका, वरची सगळी दिलगिरी त्याने पुसली जाते. वकिलाला ते हवंच असेल तर पैशांच्या वाटाघाटीचं पत्र वेगळं लिहा.

मात्र पावतीवर ‘फक्त ड्रायक्लीन’ लिहिलेलं असून पोराने साडी पाण्यात घातली असेल, तर हा मसुदा वापरू नका. तेव्हा ‘तपासून कळवतो’ ही थाप ठरेल, आणि ती पावती बाईंकडेही आहे.